‘चष्मा सुटला’ म्हणणारे अण्णा

पत्र

मी ठाण्याला नोकरी करते, वय ४३. आई-अण्णा कराडजवळच्या आमच्या गावी असतात. अण्णा ६९ वर्षांचे, वीज मंडळातून लाईनमन म्हणून निवृत्त झाले. बरीच वर्षं शुगरच्या गोळ्या चालू आहेत. डोळे तपासा म्हटलं की एकच उत्तर मिळतं, ‘माझा चष्मा सुटलाय, डोळे सुधारलेत.’ पेपर खरंच चष्म्याशिवाय वाचतात. पण आई मला फोनवर हळूच सांगते, की रस्त्यापलीकडचा माणूस बोलल्याशिवाय ओळखत नाहीत, टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसतात आणि अंधारात गतिरोधक न दिसल्याने गाडी दोनदा उडाली. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, ‘त्यानंतर तिला कधी नीट दिसलंच नाही’ हेही अण्णा ऐकवतात. शेवटी मी घरच्या ग्रुपवर हा मेसेज टाकला:

‘अण्णा, आता तुमचं वय झालंय हे मान्य करा. आई सांगते तुम्हाला रस्त्यावरची माणसं दिसत नाहीत. गाडीवरून पडलात तर आम्ही काय करायचं? शुगर आहे, आंधळे व्हाल. तुम्हाला आमची जरासुद्धा काळजी नाही. मी रविवारची अपॉइंटमेंट घेतली आहे, हट्ट न करता जा.’

अण्णांचं उत्तर आलं, ‘तुझा मेसेज चष्म्याशिवाय वाचला.’ त्यावर काकांनी हसण्याच्या चार बाहुल्या टाकल्या. तेव्हापासून अण्णा माझ्याशी कामापुरतंच बोलतात. अशा हट्टी माणसाला काय लिहावं?

उत्तर

अण्णांचं उत्तर वाचून मलाही हसू आलं, पण काकांपेक्षा वेगळ्या कारणाने. ग्रामीण रुग्णालयात लोकांचे डोळे तपासण्यात माझी नोकरी गेली. ‘मॅडम, माझा चष्मा सुटला’ असं आनंदाने सांगणारी साठी-सत्तरीची माणसं समोर बसली की आम्ही मनातल्या मनात मोतीबिंदूचा अंदाज बांधायला लागायचो. तुमचे वडील खोटं बोलत नाहीत. त्यांना जवळचं खरंच स्पष्ट दिसतंय. तुम्ही त्यांना दिसत नाही म्हणता आणि ते रोज सकाळी पेपर उघडून तुम्हाला खोटं ठरवतात. हा वाद तुम्ही जिंकूच शकत नाही, कारण पुरावा त्यांच्या हातात आहे. त्या पुराव्याचा अर्थ मात्र त्यांना कुणी सांगितलेला नाही.

तो आधी तुम्ही समजून घ्या. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळ बघताना त्याला लागणारा फुगवटा घेता येत नाही, म्हणून वाचायला प्लस नंबर लागतो. साठीपर्यंत तो साधारण प्लस अडीचच्या आसपास स्थिरावतो. पुढे काही जणांच्या भिंगाचा गाभा घट्ट आणि पिवळसर व्हायला लागतो. हा मोतीबिंदूचाच एक प्रकार. गाभा घट्ट झाला की भिंगाची प्रकाश वळवण्याची ताकद वाढते आणि डोळ्याला मायनस नंबर येतो. समजा अण्णांचा लांबचा नंबर पूर्वी शून्य होता आणि आता मायनस सव्वादोन झाला. अशा डोळ्याला विनाचष्म्याचं सगळ्यात स्पष्ट दिसतं ते जवळपास ४५ सेंटिमीटरवर, म्हणजे हातभर अंतरावर. पेपर आणि मोबाईल आपण तिथेच धरतो. भिंगाने फुकटात जवळचा चष्मा दिला, पण त्याची किंमत लांबच्या नजरेतून वसूल केली. त्यापलीकडचं जग पायरीपायरीने पुसट होत जातं. सहा मीटरवर लावलेल्या तक्त्यावर अशा माणसाला वरच्या दोन-तीन ओळींच्या पुढे सरकता येत नाही.

हे वर्ष-दोन वर्षांत इतकं सावकाश होतं की कालच्यापेक्षा आज कमी दिसलं असं कुठल्याच दिवशी वाटत नाही. माणूस नकळत सोय करून घेतो. खुर्ची पुढे सरकते, ओळखीचा माणूस चालीवरून आणि आवाजावरून ओळखला जातो, रोजचा रस्ता सवयीने कापला जातो. अंधारात मात्र ही सोय कमी पडते. समोरच्या गाडीचा दिवा गढूळ भिंगात विखुरतो, त्याच्याभोवती पिंजारलेला उजेड दिसतो आणि त्या उजेडात गतिरोधक हरवतो. अण्णा हल्ली ‘गाडीवाले डिपर मारत नाहीत’ अशी तक्रार करतात का, आईंना विचारून बघा. करत असतील तर मला नवल वाटणार नाही.

आता एक सावधगिरी. पत्र वाचून मी मोतीबिंदूचा अंदाज करते, निदान नाही. अण्णांना शुगर आहे, आणि रक्तातली साखर चढली की भिंग पाणी धरून फुगतं, तेव्हाही जवळचं अचानक चांगलं आणि लांबचं वाईट दिसू शकतं. तो नंबर साखर ताळ्यावर आली की काही आठवड्यांत परत बदलतो. त्यामुळे साखर वरखाली होत असताना दुकानातून घाईने करून घेतलेला चष्मा महिन्याभरात निरुपयोगी ठरतो आणि ‘बघा, उगाच पैसे गेले’ म्हणायला अण्णांना जागा मिळते. चष्म्याचा नंबर काढायला साखर आटोक्यात येईपर्यंत थांबावं, तपासणीला मात्र थांबू नये.

आता तुमच्या मेसेजकडे वळू. तुम्ही त्यांना हट्टी म्हणता. माझा प्रश्न आहे, ते नेमकं कशाला नाही म्हणताहेत? तुम्ही विचारलंय तपासणीचं, पण त्यांच्या मनात तपासणीच्या मागोमाग उभी असलेली एखादी दुसरीच गोष्ट असावी, असं मला वाटतं. एक तर गाडीची किल्ली. ज्याने आयुष्यभर खांबावर चढून काम केलं, खालून बघून कुठला जंपर तुटलाय ते सांगितलं, त्याला ‘दिसत नाही’ हा शब्द घरच्या ग्रुपवर, भावासमोर ऐकावा लागला. त्याला उत्तर देताना अण्णा डोळ्यांबद्दल बोलत नव्हते. आणि दुसरी गोष्ट म्हणजे आजी.

आजींच्या ऑपरेशनचा काळ तुम्ही लिहिलेला नाही, पण ते जर चाळीसेक वर्षांपूर्वीचं असेल तर अण्णांनी काय पाहिलं असेल ते मी सांगू शकते. तेव्हा बहुतेक ठिकाणी गढूळ भिंग काढून टाकत आणि त्याच्या जागी काहीच बसवत नसत. डोळ्याला टाके असत, रुग्णाला डोकं न हलवता पडून राहावं लागे. नंतर प्लस दहाच्या आसपासचा बाटलीच्या बुडासारखा चष्मा मिळे. त्यातून वस्तू पंचवीस-तीस टक्क्यांनी मोठ्या आणि त्यामुळे जवळ आल्यासारख्या दिसत. पेला धरायला गेलेला हात अलीकडेच थांबे, पायरी चुके, कडेने येणारा माणूस एकदम समोर प्रकटे. चष्मा फुटला की जवळजवळ आंधळं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवणं हळूहळू रुळलं आणि तो जाड चष्मा गेला. आता चीर दोन-तीन मिलिमीटरची असते, बहुतेकदा टाका लागत नाही, भूल थेंबांची किंवा डोळ्यापुरती असते, शस्त्रक्रिया साधारण १५-२० मिनिटांची आणि माणूस त्याच दिवशी घरी. अण्णा ज्याला घाबरताहेत ते ऑपरेशन आता करत नाहीत, पण हे त्यांना कुणी नीट बसून सांगितलंय का?

आजींबद्दल विचारण्याचं आणखी एक कारण आहे. ‘नीट दिसलंच नाही’ याचा अर्थ जाड चष्म्याचा त्रास इतकाच असू शकतो, डोळ्यात जंतुसंसर्ग झाला असू शकतो किंवा त्यांना आधीपासून काचबिंदूही असू शकतो. काचबिंदूत डोळ्याची नस हळूहळू वाळते, बहुतेकदा न दुखता. कडेची नजर आधी जाते, समोरची शेवटपर्यंत टिकते, आणि गेलेली परत येत नाही. आईला काचबिंदू असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून अण्णांशी बोलायची सुरुवात करायची असेल तर ती इथून करा. ‘आजीला नेमकं काय झालं होतं, अण्णा?’ एवढंच विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. त्यांना बोलायला मिळेल आणि डॉक्टरांना लागणारी घराण्याची माहितीही हाती येईल. हे विचारायला मेसेज नको, फोन करा.

तुमच्या मेसेजमधल्या एका ओळीने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं, ‘आई सांगते’. आईंनी विश्वासाने सांगितलेलं तुम्ही ग्रुपवर मांडलंत. पुढच्या वेळी गाडी उडाली तर आई तुम्हाला सांगतील का? आणि अण्णा त्यांच्यादेखत अडखळतील तेव्हा ते लपवायला लागतील. घरात राहून रोज बघणारं माणूस एकच आहे, त्याला खबऱ्या करून टाकू नका. नव्या मेसेजमध्ये आईंचं नाव येता कामा नये. तुम्ही स्वतः पाहिलेलं किंवा अण्णांनी स्वतः तुम्हाला सांगितलेलं, तेवढंच लिहा. आणि त्यांनी तुम्हाला काय सांगितलंय? चष्मा सुटला, हेच. तिथूनच धागा पकडायचा.

‘आंधळे व्हाल’ हे वाक्यही काढा. शुगरने डोळ्याच्या मागच्या पडद्याला इजा होते हे खरं आहे, पण भीती घातली की माणूस डॉक्टरपासून आणखी लांब पळतो, कारण तिथे गेलं तर ती बातमी खरी ठरेल. अपॉइंटमेंट परस्पर घेणं हे तर शाळेत नाव घालण्यासारखं झालं.

मी असते तर असं लिहिलं असतं. ग्रुपवर नाही, फक्त अण्णांना, आणि दुपारी, त्यांचा पेपर वाचून झाल्यावर:

‘अण्णा, ग्रुपवर तसं लिहायला नको होतं. तुम्ही चष्म्याशिवाय वाचता हे खरंच आहे. डोळ्यांच्या दवाखान्यात काम केलेल्या एका बाईंना मी ते सांगितलं. त्या म्हणाल्या, या वयात जवळचा चष्मा आपोआप सुटला तर बऱ्याचदा लांबचा नंबर आलेला असतो. तुमचं तसं आहे का मला माहीत नाही. एकदा करून बघाल? दिवसा अंगणात उभं राहून एक डोळा तळहाताने झाका आणि समोरच्या डीपीवरचा नंबर वाचा. मग दुसरा डोळा झाकून वाचा. दोन्हीकडून सारखं दिसतं का ते कळवा.

मलाही चाळिशी लागलीय, मोबाईल लांब धरावा लागतो. पुढच्या आठवड्यात चार दिवस येतेय, कराडला डोळे दाखवायचेत. तुम्हीही चला, दोघांचे एकदमच तपासून घेऊ. थेंब टाकल्यावर काही तास गाडी चालवता येत नाही, म्हणून आपण एसटीने जाऊ. डॉक्टर जे सांगतील ते तुम्ही ऐका, पुढे काय करायचं ते तुम्हीच ठरवायचं. सोमवार बरा की मंगळवार?’

यातली विजेच्या डीपीची ओळ मी मुद्दाम घातली आहे. लाईनमनला खांबावरचा, डीपीवरचा नंबर वाचण्यात रस असतो. एकेक डोळा झाकण्याला मात्र खरा वैद्यकीय अर्थ आहे. मोतीबिंदू बऱ्याचदा एका डोळ्यात पुढे गेलेला असतो आणि दुसरा डोळा त्याचं काम निभावून नेतो. दोन्ही डोळे उघडे असताना ते कळत नाही. चांगला डोळा झाकल्यावर समोरचं धुक्यात गेलेलं दिसलं म्हणजे ती गोष्ट त्यांची त्यांना कळली, मुलीने सांगावी लागली नाही. झाकताना डोळ्यावर दाब देऊ नये, नाहीतर तो उघडल्यावर काही क्षण पुसट दिसतं आणि निष्कर्ष चुकतो. लांबचा चष्मा असेल तर तो लावून बघावं. आणि हे लक्षात ठेवा, दोन्ही डोळ्यांनी नंबर झकास वाचला तरी तपासणी टळत नाही. पडद्याचा शुगरचा आजार आणि काचबिंदू, दोन्ही सुरुवातीला नजरेला हात लावत नाहीत. तसं झालं तर तुम्ही हरलात असं मानू नका, ‘छान, मग माझ्यासोबत शुगरची वार्षिक तपासणी म्हणून चला’ एवढंच म्हणा.

शेवटचा प्रश्नही मुद्दाम ‘येणार का’ असा ठेवलेला नाही. त्याला ‘नाही’ हे उत्तर अण्णांच्या जिभेवर तयार आहे. आणि ‘तुम्हीच ठरवायचं’ हे लिहायचं असेल तर मनापासून लिहा. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं आणि अण्णा ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणाले, तर तिथल्या तिथे तारीख घ्यायला धावायचं नाही. तेवढा शब्द पाळता येणार नसेल तर ती ओळ खोडा.

जायचं कुठे, हाही प्रश्न आहे. चष्म्याच्या दुकानात संगणकावर नंबर काढून मिळतो. तो फक्त नंबर. बऱ्याच घरांत तेवढ्यालाच ‘डोळे तपासले’ म्हणतात आणि मग पुढची पाच वर्षं निर्धास्त राहतात. अण्णांना नेत्रतज्ज्ञांकडे न्यायचं आहे, खासगी दवाखान्यात किंवा सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात. तिथे चार गोष्टी झाल्या की नाही ते बघा. प्रत्येक डोळ्याची नजर वेगवेगळी मोजली का, यंत्राखाली भिंग पाहिलं का, डोळ्याचा दाब मोजला का, आणि थेंबांनी बाहुली मोठी करून मागचा पडदा व नस पाहिली का. दाब साधारण १० ते २१ च्या दरम्यान असतो, पण दाब ठीक असूनही काचबिंदू असू शकतो, म्हणून नस बघणं महत्त्वाचं. थेंब टाकल्यावर बाहुली मोठी व्हायला अर्धा तास तरी लागतो. याच वेळी कंटाळून माणसं उठून जातात, तेव्हा अण्णांना आधी सांगून ठेवा की सकाळ तिथेच जाईल. नंतर चार-सहा तास जवळचं पुसट दिसतं आणि उन्हात डोळे दिपतात. ज्यांचा सगळा अभिमान पेपर वाचण्यावर आहे त्यांना त्या दुपारी पेपर वाचता येणार नाही, आणि आधी सांगितलं नसेल तर ‘डोळे बिघडवले’ हे तुम्हाला वर्षभर ऐकावं लागेल.

सोबत जुने चष्मे घ्या, सापडतील तेवढे. कुठल्या वर्षी कुठला नंबर होता यावरून डॉक्टरांना भिंग किती वेगाने बदललं ते कळतं. शुगरचे ताजे रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटंही घ्या. पूर्वी डोळ्याला मार लागला असेल तर तेही सांगायला हवं. लाईनमनच्या कामात तर विजेचा जोराचा धक्का बसला होता का हेही विचारून घ्या, कारण त्यानेही मोतीबिंदू होऊ शकतो.

समजा मोतीबिंदूच निघाला. मग तुमच्या नातेवाइकांपैकी कुणीतरी म्हणेल, ‘अजून पिकला नाही, थांबा.’ तो जुन्या पद्धतीचा नियम. आता पिकण्याची वाट बघत नाहीत. उलट फार पिकलेलं भिंग दगडासारखं कडक होतं, काढायला अवघड जातं, आणि कधीकधी फुगून किंवा झिरपून डोळ्याचा दाबच वाढवतं. ऑपरेशन कधी करायचं हे भिंगाच्या रंगावर कमी आणि माणसाच्या कामावर जास्त ठरतं. अण्णांना रात्री गाडी चालवायची आहे का, शेतात जायचं आहे का? सुरुवातीच्या अवस्थेत कधीकधी लांबचा मायनस चष्मा देऊनही वर्षभर भागतं. ‘तपासायला गेलं की कापतात’ असं ज्यांना वाटतं त्यांना हे जरूर सांगा.

एक गोष्ट मात्र लपवू नका, ती पुढे अंगाशी येते. ऑपरेशनमध्ये नेहमीचं, एका अंतराचं भिंग लांबच्या नजरेसाठी बसवलं, तर अण्णांना लांबचं स्वच्छ दिसेल आणि वाचायला पुन्हा चष्मा लागेल. सुटलेला चष्मा परत येईल! हे आधी न सांगितल्याने यशस्वी ऑपरेशननंतर भांडत आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांच्या दृष्टीने चांगलं होतं ते बिघडलं होतं. काहींना वाचनच प्रिय असतं, ते भिंग जवळच्या नजरेला जुळवून घेतात आणि लांबसाठी चष्मा वापरतात. हे भिंग बसवण्याआधी ठरतं, नंतर नाही. म्हणून डॉक्टरांसमोर अण्णांनाच बोलू द्या, की मला दिवसभरात काय काय बघायचं असतं. आणि शुगरने पडदा आधीच खराब झाला असेल तर भिंग बदलूनही नजर पूर्ण सुधारत नाही, हेही त्यांच्यादेखत विचारून घ्या. खर्च अडचण असेल, किंवा अण्णा ती सांगत नसतील, तर अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात भिंगासह ही शस्त्रक्रिया मोफत होते.

इतकं करूनही ते नाहीच म्हणाले तर? निव्वळ मोतीबिंदू असेल तर तीन-चार महिन्यांनी फारसं बिघडत नाही. दिवाळीला घरी जाल तेव्हा परत विषय काढा, तोवर रोज टोचू नका. शुगरच्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी, तेव्हा शुगरच्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच फोन करून सांगून ठेवा की पुढच्या वेळी त्यांनी चिठ्ठी द्यावी. मुलीचं न ऐकणारी माणसं बी.पी. मोजणाऱ्याचं ऐकतात, हा मला कधीच न उलगडलेला प्रकार आहे, पण त्याचा उपयोग करून घ्यावा.

रात्रीच्या गाडीच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला थांबायला सांगणार नाही. डोळा अण्णांचा आहे, रस्ता सगळ्यांचा. अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही, एवढं एकच स्पष्ट आणि समोरासमोर मागा, मेसेजमधून नाही. डोळे तपासून डॉक्टर ‘चालवा’ म्हणाले की किल्ली त्यांचीच. दिवसाची गाडी काढून घेऊ नका. दोन्ही एकदम मागितलंत तर एकही मिळणार नाही. अण्णांच्या वयाला लायसन्सच्या नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो. तो नजर न तपासता कुणाकडून सही करून आणू नका, घरचीच माणसं बऱ्याचदा तो आणून देतात.

काही लक्षणांत तर सोमवार-मंगळवारही बघायचा नाही, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा. एका डोळ्याची नजर अचानक गेली, डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखी सावली आली, एकदम काळे ठिपके उसळले किंवा विजा चमकल्यासारख्या दिसल्या, अथवा डोळा लाल होऊन डोकं दुखायला लागलं, उलटी झाली आणि दिव्याभोवती इंद्रधनुषी कडी दिसली. हे आईंना फोनवर सांगा आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायला सांगा. अण्णांनी वाचलं तरी चालेल.

राहता राहिली तुमची तपासणी. मेसेजमध्ये तुमचं नाव मी अण्णांना गोड लागावं म्हणून घातलेलं नाही. चाळिशीनंतर एकदा डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्यायला हवी, आणि आजीला काचबिंदू होता की नाही हे तुमच्या घरात कुणालाच नीट माहीत नाही. अण्णांना काचबिंदू निघाला तर तुमची आणि भावंडं असतील तर त्यांचीही तपासणी लगेच करावी लागेल. दवाखान्यात आधी तुमचा नंबर लावा. थेंब टाकून डोळे मिटून तुम्ही बाकावर बसलात की अण्णा शेजारी उभे राहून पाहतीलच काय काय करतात ते.